आधी गोळ्या, मग निशाण: आकडे खरे असूनही दावा कसा फसवा होतो

प्रश्न: व्हॉट्सअ‍ॅपवर "अभ्यासात सिद्ध झालंय" टाइपचे हेल्थ दावे येतात, आणि क्रिकेटमध्ये "अमक्याने सेंच्युरी मारली की टीम हरते" असले आकडे. हे आकडे खोटे नसतात तरी दिशाभूल करतात असं म्हणतात. म्हणजे नेमकं काय होतं, आणि आपल्यासारख्याने ते ओळखायचं कसं?

उत्तर:

मी क्लिनिकल ट्रायलमध्ये स्टॅटिस्टिशियन म्हणून बरीच वर्षं काम करते, त्यामुळे औषधांकडून सुरुवात करते आणि मग क्रिकेटकडे येते, कारण दोन्हीकडे भानगड एकच आहे. एक माणूस भिंतीवर वाटेल तशा गोळ्या झाडतो, मग जिथे चार-पाच भोकं जवळजवळ पडलीत तिथे खडूने गोल काढतो आणि लोकांना सांगतो बघा माझा नेम. भोकं खरी, गोल खरा, फक्त गोल कधी काढला तेवढं तो सांगत नाही. सोयीचा डेटा निवडणं म्हणजे हेच, आणि म्हणून नुसता आकडा तपासून हाती काहीच लागत नाही, तो बहुतेक वेळा बरोबरच असतो. बघायचं ते हे की प्रश्न आकडे दिसण्याच्या आधी ठरला होता की नंतर, आणि हा एक आकडा दाखवण्याआधी किती आकडे बघून बाजूला ठेवले.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण राशींचं आहे. १९८८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आयसिस-२ नावाची ट्रायल छापून आली. हार्ट अटॅकचा संशय असलेले १७,१८७ पेशंट, ४१७ हॉस्पिटलं. निम्म्यांना महिनाभर रोज १६० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी (त्याच ट्रायलमध्ये रक्ताची गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेजही तपासलं होतं, ते इथे सोडून देते). पाच आठवड्यांनी हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणाने झालेले मृत्यू मोजले. अ‍ॅस्पिरिनवाले ८,५८७, त्यात ८०४ मृत्यू. डमी गोळीवाले ८,६००, त्यात १,०१६. म्हणजे हजारी ११८ वरून ९४ वर. एवढ्या स्वस्त गोळीने हजारात चोवीस माणसं वाचतात, हा निकाल इतका भक्कम आहे की हार्ट अटॅकचा संशय आला की लगेच अ‍ॅस्पिरिन देण्याची जी पद्धत आज जगभर आहे तिचा मोठा आधार ही ट्रायल आहे.

आता गंमत बघा. त्याच पेपरात लेखकांनी पेशंटचे जन्मतारखेवरून राशीप्रमाणे गट पाडून आकडे दिले. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांत अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या १,३५७ पैकी १५० गेले आणि न घेणाऱ्या १,४४२ पैकी १४७. टक्क्यात ११.१ आणि १०.२. म्हणजे या दोन राशींना अ‍ॅस्पिरिनने फायदा तर नाहीच, थोडं नुकसानच दिसतंय! आणि बाकीच्या दहा राशींना जोरदार फायदा, १२.१ टक्क्यांवरून ९.० वर. यातला एकही आकडा बनावट नाही. लेखकांनी हे मुद्दाम छापलं, कारण मोठ्या ट्रायलचे बारीक बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्यावरून वेगळा निष्कर्ष काढणं किती धोक्याचं आहे ते त्यांना दाखवायचं होतं.

हे होतं कसं ते थोडं जवळून बघू, कारण इथेच सगळं मर्म आहे. बारा राशी केल्या की प्रत्येक राशीत साधारण १,४०० पेशंट येतात, म्हणजे एकेका बाजूला ७०० च्या आसपास. अ‍ॅस्पिरिनचा परिणाम सगळ्या राशींत अगदी सारखा आहे असं धरलं तर प्रत्येक राशीत अ‍ॅस्पिरिनवाल्यांत अंदाजे ६७ मृत्यू आणि दुसरीकडे ८५ अपेक्षित आहेत, फरक १८ चा. पण एवढ्या छोट्या गटात हा फरक निव्वळ योगायोगाने १२-१३ ने इकडे किंवा तिकडे सहज सरकतो, कधी त्याहून जास्तही. मग एखाद्या राशीत १८ चा फरक पुसला जाऊन उलटा होण्याची शक्यता साधारण सात टक्के येते. एका राशीसाठी सात टक्के म्हणजे कमीच, पण बारा राशी बघितल्या की त्यात कुठेतरी एकदा तरी उलटा आकडा दिसण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते. म्हणजे असं काही दिसलं नसतं तरच जरा नवल. आणि "मिथुन आणि तूळ" ही जोडी कुठून आली? आकडे बघून आली. बारा राशींतून दोन-दोनच्या ६६ जोड्या निघतात, त्यातली जी सगळ्यात वाईट दिसली तिच्याभोवती गोल काढला. ही सगळी जन्मतारखेवरची सूर्यरास आहे बरं का. आपल्याकडच्यासारखी चंद्ररास घेऊन तेच पेशंट पुन्हा वाटले असते तर उलट आकडा दुसऱ्याच कुठल्यातरी राशींच्या नावावर पडला असता, आणि मिथुन-तूळवाले बिचारे सुटले असते.

राशींचं आहे म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण राशीच्या जागी "बायका" लिहा, "डायबेटिसवाले" लिहा, "६० च्या वरचे" लिहा, की तोच आकडा एकदम शास्त्रीय वाटायला लागतो, डॉक्टर लोकांनाही. अ‍ॅस्पिरिनच्याच बाबतीत हे खरोखर झालंय. १९७८ मध्ये कॅनडातली एक ट्रायल आली, मेंदूला तात्पुरता रक्तपुरवठा कमी पडून झटका येऊन गेलेल्या लोकांवरची. एकूण पेशंट ५८५ आणि त्यात बायका कमी. पुरुष आणि बायका वेगळे केल्यावर पुरुषांत फायदा दिसला, बायकांत दिसला नाही. त्यावर विश्वास ठेवून अमेरिकेत या वापरासाठी अ‍ॅस्पिरिनला मान्यता मिळाली ती फक्त पुरुषांसाठी, आणि बायकांचा समावेश व्हायला पुढे बरीच वर्षं गेली. नंतर अनेक ट्रायलचे आकडे एकत्र केले तेव्हा फायदा दोघांनाही होतो हे दिसलं. मधल्या काळात ज्या बायकांना ती गोळी मिळायला हवी होती आणि मिळाली नाही त्यांचा विचार आला की मला आजही राग येतो.

दुसरा प्रकार म्हणजे गट तेच ठेवायचे पण मोजमापं भरपूर घ्यायची. २०१५ मध्ये जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने हे मुद्दाम करून दाखवलं. जर्मनीत खरेखुरे लोक घेतले, तीन गट केले. एक नेहमीसारखं खाणारा, एक कमी कार्बोहायड्रेटवाला, आणि एक कमी कार्बोहायड्रेट अधिक रोज ४२ ग्रॅम डार्क चॉकलेट खाणारा. तीन आठवडे. शेवटी हिशोबात १५ माणसं राहिली, म्हणजे एका गटात पाचेक. आणि मोजल्या किती गोष्टी, तर १८: वजन, कोलेस्टेरॉल, सोडियम, रक्तातली प्रथिनं, झोप, मनःस्वास्थ्य वगैरे वगैरे. त्यातलं वजन निघालं, चॉकलेटवाल्यांचं दहा टक्के लवकर उतरलं. लगेच पेपर छापून आला, प्रेसनोट गेली आणि "चॉकलेट खा, बारीक व्हा" ही बातमी जर्मनीतल्या बिल्ड या मोठ्या पेपरपासून कितीतरी देशांत झळकली. वजन निघालं नसतं तर कोलेस्टेरॉलची बातमी झाली असती, ते नाही तर झोपेची.

याचा हिशोब शाळेतल्या गणिताने होतो. एका मोजमापात काहीही खरा फरक नसताना "फरक आहे" असा निकाल लागण्याची जी शक्यता आपण चालवून घेतो ती पाच टक्के. म्हणजे एक मोजमाप निर्दोष सुटण्याची शक्यता ०.९५. अशी अठरा सुटायला हवीत, म्हणून:

```
1 - 0.95^18 = 0.60
```

साठ टक्के. काहीही परिणाम नसलेली गोष्ट घ्या, अठरा ठिकाणी मोजा, आणि दहापैकी सहा वेळा काहीतरी "सिद्ध" होईल. (वजन आणि पोटाचा घेर यांसारखी मोजमापं एकमेकांना बांधलेली असतात त्यामुळे प्रत्यक्षात आकडा साठच्या जरा खाली येतो, पण मुद्दा बदलत नाही.) आणि पेपरात ते निघालेलं एकच ठळक छापलं, उरलेल्या सतरांबद्दल एक ओळ किंवा तीही नाही, तर वाचणाऱ्याला कळायला काही मार्गच उरत नाही. म्हणून एखाद्या चूर्णाने वा काढ्याने "साखर कमी झाली" असं वाचलं की पहिला प्रश्न हाच, अजून काय काय मोजलं होतं? उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची, एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, वजन, बीपी, आणि प्रत्येक गोष्ट चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला. पाच गोष्टी आणि तीन वेळा म्हणजे पंधरा गोळ्या झाल्यासुद्धा.

आता क्रिकेट. "सचिनने सेंच्युरी मारली की इंडिया हरते" हे आमच्या पिढीने इतकं ऐकलंय की ते म्हणीसारखं झालं होतं. आणि उदाहरणं देणारा खोटं बोलत नसतो. १९९८ ला शारजामध्ये वादळ आलेल्या मॅचमध्ये १४३ मारले, हरलो. १९९९ ला चेन्नईत पाकिस्तानविरुद्ध १३६, बारा रनांनी हरलो. २००९ ला हैदराबादला ३५१ चा पाठलाग करताना १७५, तीन रनांनी हरलो. २०१२ ला मीरपूरला बांगलादेशविरुद्ध शंभरावी सेंच्युरी, त्यातही हरलो. चार मॅच, चारही जिव्हारी लागलेल्या, ऐकणारा गप्पच होतो.

पण या चार निवडल्या कशा? डोक्यात राहिल्या म्हणून. आणि डोक्यात का राहिल्या, तर तो एकटा लढला आणि तरी हरलो म्हणून. म्हणजे यादीत घुसण्याची अटच "हरलो" ही आहे, मग यादीभर पराभवच दिसणार ना. वर यातली चेन्नईची टेस्ट आहे आणि बाकीच्या वनडे, म्हणजे सोयीप्रमाणे दोन्हीकडून उचललं. शारजाची ती मॅच हरूनसुद्धा आपण फायनलला गेलो आणि दोनच दिवसांनी फायनलमध्ये त्याने १३४ मारून कप आणला, ती सेंच्युरी मात्र या यादीत कधीच नसते.

आता सगळ्या वनडे घ्या. ४९ सेंच्युऱ्या, त्यातल्या ३३ मॅच जिंकल्या, १४ हरल्या, एक टाय (२०११ वर्ल्डकपमधली इंग्लंडविरुद्धची बंगळुरूची) आणि एक निकालाविना. म्हणजे सदुसष्ट टक्के विजय. पण इथेही थांबू नका, कारण सदुसष्ट हे जास्त की कमी ते कशाशी तरी ताडून बघावं लागतं. तो खेळला त्या ४६३ वनडेंपैकी भारताने २३४ जिंकल्या. त्यातून सेंच्युरीवाल्या ४९ मॅच आणि ३३ विजय काढून टाका, उरतात ४१४ मॅच आणि २०१ विजय, म्हणजे साडेअठ्ठेचाळीस टक्के. सेंच्युरी असली की ६७, नसली की ४८.५. जी गोष्ट म्हणीसारखी फिरत होती ती उलटी निघाली. यावरून सेंच्युरीमुळेच जिंकलो असं मी म्हणणार नाही, पिच सोपं असलं, समोरची बोलिंग कच्ची असली तर सेंच्युरी आणि विजय दोन्ही सोबत येतात. पण "मारली की हरते" हे नक्कीच उभं राहत नाही. दुसऱ्या एखाद्या बॅट्समनची टक्केवारी आणून "त्याच्या सेंच्युरीवर टीम जास्त जिंकते" असं कोणी म्हणालं तर त्याची टीम किती तगडी होती हेही मोजावं लागतं, म्हणून तुलना त्याच खेळाडूच्या, त्याच काळातल्या, सेंच्युरी नसलेल्या मॅचशीच करायची.

क्रिकेटमधली दुसरी युक्ती सुरुवात कुठून करायची याची. विराट कोहलीचे ते १०२० दिवस आठवत असतील, २३ नोव्हेंबर २०१९ ला कोलकात्यात १३६ आणि त्यानंतरची आंतरराष्ट्रीय सेंच्युरी थेट ८ सप्टेंबर २०२२ ला दुबईत. आकडा बरोबर आहे. पण "शेवटच्या सेंच्युरीनंतर सेंच्युरी नाही" हा मोजण्याचा पट्टा बनवतानाच त्याच्या दोन्ही टोकांना सेंच्युरी ठेवून ती पट्ट्याबाहेर काढलेली असते, पट्टा रिकामाच असणार. शिवाय मोजलं दिवसांत. २०२० मध्ये कोविडमुळे कित्येक महिने क्रिकेटच बंद होतं, ते दिवसही त्याच्या खात्यावर. डाव मोजले असते तर काळ लांबच दिसला असता पण एवढा अंगावर आला नसता. त्याचा फॉर्म त्या काळात घसरला होता हे मलाही मान्य आहे, फक्त ते दाखवायचं तर "१ जानेवारी २०२० पासून सरासरी" असं काहीतरी खेळाडूकडे न बघता ठरलेलं टोक घ्यावं. टीव्हीवर "गेल्या ७ डावांत" असं काही दिसलं की मी लगेच आठवा डाव काय होता ते शोधते. सात, अकरा, तेरा असले आकडे कोणी उगाच घेत नाही, बहुतेक वेळा त्याच्या मागचाच डाव मोठा असतो.

आणि टोकाची हीच युक्ती औषधात आली की माणसं मरतात. व्हायॉक्स नावाची दुखण्यावरची गोळी होती, मर्क कंपनीची. २००० साली तिची व्हिगर ही ट्रायल छापली गेली, आठ हजारांवर संधिवाताचे पेशंट, तुलना नेप्रॉक्सेनशी. पोटाचा त्रास कमी होतो हे दाखवायचं होतं आणि ते दिसलंही. हार्ट अटॅक मात्र व्हायॉक्सवाल्यांत १७ आणि नेप्रॉक्सेनवाल्यांत ४ असे छापले. पुढे कळलं की व्हायॉक्सच्या बाजूला आणखी तीन अटॅक होते, खरा आकडा २०. ते गळले कारण हृदयाच्या घटना मोजायची शेवटची तारीख पोटाच्या घटनांपेक्षा महिनाभर आधीची धरली होती. एकाच ट्रायलमध्ये दोन गोष्टींना दोन वेगळ्या कट-ऑफ तारखा! ज्या जर्नलने ती छापली त्याने डिसेंबर २००५ मध्ये यावर जाहीर चिंता व्यक्त केली, तोपर्यंत गोळी बाजारातून जाऊन वर्ष उलटलं होतं.

इथे एक बारीक गोष्ट आहे. व्हिगरचा मुख्य प्रश्न पोटाचा होता, हृदयाचा नाही, मग १७ विरुद्ध ४ हाही नंतर काढलेला गोल नाही का? नाही. औषधाचे धोके सगळे आधी माहीत नसतात, ते शोधायचेच असतात, म्हणून आधी न ठरवलेलं काही दिसलं तर ते फेकून द्यायचं नाही, तो पुढचा प्रश्न धरायचा आणि नव्या पेशंटवर तपासायचा. व्हायॉक्सचं तसंच झालं. नंतरच्या एका ट्रायलमध्ये, डमी गोळीशी तुलना करताना, हृदयाचा धोका पुन्हा दिसला आणि सप्टेंबर २००४ मध्ये गोळी मागे घेतली गेली. मिथुन-तूळवाल्यांची नवी ट्रायल केली तर तो उलटा आकडा परत दिसणार नाही, फरक हा आहे. ज्या डेटात एखादी गोष्ट सापडली त्याच डेटाने ती सिद्ध करता येत नाही.

आता ओळखायचं कसं. भारतातल्या ट्रायलसाठी सोय चांगली आहे. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, साइट ctri.nic.in, २००७ पासून सुरू आहे आणि जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. दाव्यात किंवा पेपरात CTRI ने सुरू होणारा नंबर असतो, तो किंवा औषधाचं नाव टाकून शोधा, लॉगिन वगैरे लागत नाही. पान उघडलं की मी तीनच गोष्टी बघते. एक, नोंदणीची तारीख आणि त्याखालची Date of First Enrollment, म्हणजे पहिला पेशंट कधी घेतला. नोंदणी नंतरची असेल तर तिथेच Retrospectively असं लिहिलेलं दिसतं, आणि मग त्या नोंदीचा भरवसा बराच कमी होतो. दोन, Primary Outcome, म्हणजे ट्रायलचं मुख्य मोजमाप, आणि शेजारचा Timepoints, म्हणजे ते कधी मोजायचं. समजा तिथे एचबीए१सी, १२ आठवडे असं आहे आणि जाहिरातीत उपाशीपोटीची साखर, चौथा आठवडा असं आहे, तर एचबीए१सीचं बाराव्या आठवड्यात काय झालं हे विचारा, उत्तर मिळालं नाही की समजा काय ते. तीन, किती पेशंट घ्यायचे ठरले होते आणि शेवटी हिशोबात किती आले. दीडशे ठरवून चाळीसवर निकाल लावला असेल तर बाकीचे कुठे गेले, की मनासारखा आकडा दिसला तिथेच थांबले?

हे सगळं कागदी वाटेल, पण याचा परिणाम मोजलेला आहे. अमेरिकेच्या सरकारी हृदय संस्थेने पैसे दिलेल्या मोठ्या ट्रायल दोघा संशोधकांनी २०१५ मध्ये तपासल्या. नोंदणी सक्तीची होण्याआधी, म्हणजे २००० पूर्वीच्या ३० पैकी १७ मध्ये औषधाचा किंवा सप्लिमेंटचा फायदा दिसला होता. २००० नंतरच्या २५ पैकी फक्त २ मध्ये. या बदलाला इतर कारणंही असू शकतात, तेही खरं, पण मुख्य प्रश्न आधीच लिहून द्यावा लागला की आकडे बघून तो बदलायला वाव राहत नाही, हे त्यातलं मोठं कारण असावं असं त्यांनीही मांडलंय.

नोंदणीलाही मर्यादा आहेत. काही जण Primary Outcome मध्येच सात-आठ गोष्टी लिहून ठेवतात, किंवा नुसतं "तब्येतीत सुधारणा" असं मोघम लिहितात, मग आधी लिहूनही गोल भिंतभर मोठा राहतो. ट्रायलच नसेल, नुसता "आमच्या शंभर ग्राहकांचा अनुभव" असेल, तर विकत घेणारे एकूण किती आणि अनुभव विचारले किती जणांना, हे दोन आकडे मिळाल्याशिवाय पुढे जाऊच नका. आणि क्रिकेटमध्ये तर ट्रायल घेणं आपल्याच हातात आहे. मित्र म्हणाला अमका डावखुऱ्या स्पिनरला खेळूच शकत नाही, तर पुढच्या दोन सिरीजमध्ये किती चेंडू, किती रन, किती वेळा आऊट झालं म्हणजे "खेळू शकत नाही" धरायचं, ते आजच ग्रुपवर टाइप करून ठेवायला सांगा, आणि जुने आकडे त्यात मिसळू देऊ नका.